डॉक्सिसायक्लिन आणि ऑफ्लॉक्सासिन: लहान मुलांना मनाई कशासाठी आणि मुभा कधी

प्रश्न: "मुलगा ४ वर्षांचा आहे, वजन १४ किलो. ६ दिवसांपासून ताप उतरत नाही. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी स्क्रब टायफसचा संशय सांगून डॉक्सिसायक्लिन लिहून दिले, पण मेडिकलवाले म्हणतात की हे औषध ८ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, दात कायमचे पिवळे पडतात. मागच्या वर्षी जुलाब झाले तेव्हा त्याच दुकानातून ऑफ्लॉक्सासिनचे सिरप आणले होते, तेव्हा कोणी काही बोलले नाही. आता वाचतो तर तेही लहान मुलांना मना आहे म्हणतात. गोळी द्यावी की नाही? खूप घाबरलो आहोत."

आधी आजचे बोलू. मी तुमच्या मुलाला तपासलेले नाही, त्यामुळे त्याला स्क्रब टायफसच आहे असे मी येथून सांगू शकत नाही. मात्र ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांना तो संशय असेल, तर केवळ वय ४ वर्षे आहे म्हणून औषध थांबवून ठेवू नका. मनात शंका असल्यास त्या डॉक्टरांना आजच फोन करा, मेडिकलवाल्यांचे म्हणणे त्यांच्या कानावर घाला आणि मात्रा पुन्हा एकदा विचारून घ्या. या आजारात दोन दिवस वाट पाहण्याची किंमत दातांच्या डागापेक्षा फार मोठी असते.

तुम्हाला दोन मनाया एकाच तागडीत घातल्यासारख्या दिसत आहेत. माझ्या अनुभवात खरी अडचण तिथेच आहे. दोन्हींची कारणे वेगळी आहेत, दोन्हींमागचा पुरावाही वेगळ्या वजनाचा आहे, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा भीती चुकीच्या बाटलीची बाळगली जाते. जिथे डॉक्सिसायक्लिनने जीव वाचतो तिथे ते अडवले जाते, आणि जिथे ऑफ्लॉक्सासिनची गरजच नसते तिथे ते सहज हातात पडते.

दातांची भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. टेट्रासायक्लिन गटातील जुनी औषधे १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर वापरात आली. या औषधांचा कॅल्शियमशी घट्ट बंध जुळतो. बाळाच्या हिरडीत कायमचे दात घडत असतात, त्यांच्यात कॅल्शियम साचत असते, आणि त्याच वेळी रक्तात टेट्रासायक्लिन असेल तर तेही त्या थरात अडकून बसते. दात बाहेर येतो तेव्हा तो पिवळा दिसतो आणि पुढे उजेडाने तपकिरी किंवा करडा होत जातो. हा रंग दाताच्या आतला असल्याने घासून जात नाही. अक्कलदाढा सोडल्यास कायमच्या दातांचे वरचे भाग साधारण ८ वर्षांपर्यंत घडून होतात, म्हणून ८ वर्षांची रेषा आखली गेली. ज्या मुलांना ही औषधे पुन्हा पुन्हा आणि लांबलचक काळ मिळाली होती, त्यांच्यात डाग अधिक गडद आढळले.

डॉक्सिसायक्लिन त्यानंतर, १९६७ साली बाजारात आले. ते त्याच गटातले असल्यामुळे जुन्या औषधांचा इशारा त्यालाही जसाच्या तसा चिकटला, आणि अनेक पाकिटांतील माहितीपत्रकांवर तो आजही छापलेला असतो. तुमचे मेडिकलवाले जे बोलले ते त्यांच्या मनचे नाही. परंतु डॉक्सिसायक्लिनचा कॅल्शियमशी जुळणारा बंध जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने बराच कमकुवत असतो, आणि स्क्रब टायफससाठी ते द्यावे लागते ते जेमतेम आठवडाभर. अमेरिकेत गोचिडांपासून होणाऱ्या रिकेट्सिया तापाचे, म्हणजे स्क्रब टायफसच्याच गटातल्या तापाचे, प्रमाण जिथे जास्त आहे अशा एका आदिवासी वस्तीत या प्रश्नाचा थेट अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या ८ वर्षांच्या आत डॉक्सिसायक्लिन मिळालेली ५८ मुले आणि न मिळालेली २१३ मुले यांचे दात दंतवैद्यांनी तपासले. कोणाला औषध मिळाले होते हे त्या दंतवैद्यांना माहीत नव्हते. औषध मिळालेल्या एकाही मुलाच्या दातांवर टेट्रासायक्लिनसारखा डाग आढळला नाही. ५८ ही संख्या फार मोठी नाही, त्यामुळे धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. तो असलाच तर इतका लहान आहे की गंभीर तापापुढे तो मोजण्यात अर्थ नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून २१ दिवसांपर्यंतचा कोर्स कोणत्याही वयात देण्यास मान्यता दिली आहे, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही रिकेट्सिया गटाच्या तापांसाठी वय न पाहता डॉक्सिसायक्लिनच पहिल्या पसंतीचे औषध म्हटले आहे.

आता घाई का, ते सांगतो. स्क्रब टायफसचा जंतू गवतातल्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींमध्ये जाऊन वाढतो. तो पेशींच्या आत राहत असल्यामुळे अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन ही नेहमीची औषधे कितीही दिवस दिली तरी ताप हटत नाही. दरम्यान रक्तवाहिन्या झिरपू लागतात. चेहरा आणि पाय सुजतात, प्लेटलेट उतरतात, यकृत वाढते, आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मेंदू किंवा मूत्रपिंडे सापडू शकतात. रक्ताची खात्रीची चाचणी, म्हणजे आयजीएम एलायझा, पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण शरीराने प्रतिपिंडे अजून पुरेशी तयार केलेली नसतात. म्हणून अहवालाची वाट न पाहता संशयावरच औषध सुरू करण्याची पद्धत आहे.

आमच्याकडे असे रुग्ण मुख्यतः पावसाळा संपताना येतात, सोयाबीनच्या काढणीपासून कापूस वेचणीपर्यंत. आई धुऱ्यावरचे गवत कापत असते आणि मूल तिथेच बसलेले असते, किंवा सुगीत सगळे घर आखाड्यावर मुक्कामी असते. एका मुलीचे उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे डॉक्टर काय पाहून हा निर्णय घेतात ते लक्षात येईल. वय ५ वर्षे, वजन १६ किलो, ताप सातव्या दिवसात. आधी गावात सेफिक्झिमचे सिरप झाले होते, मग तालुक्याला तीन दिवस सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने झाली होती. विडाल चाचणी किंचित पॉझिटिव्ह आल्याने टायफॉइड धरून उपचार चालले होते. पापण्या सुजलेल्या, यकृत बरगडीखाली तीन बोटे लागत होते, प्लेटलेट ६८ हजार. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह होती, आणि डेंग्यूत सातव्या दिवशी बहुधा ताप उतरलेला असतो, तसा तो इथे उतरलेला नव्हता.

अशा मुलाला पूर्ण कपडे काढून, चांगल्या उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत पाहावे लागते. त्या मुलीच्या कमरेला करदोडा होता. तो वर सरकवला तेव्हा त्याच्या खालीच, डाव्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढी काळी खपली दिसली. कडेला लालसर कडे होते आणि दाबल्यावर तिला दुखत नव्हते. आईला ती करदोड्याने काचून झालेली जखम वाटली होती. ही खपली म्हणजे चिगर चावल्याची जागा, जिला आम्ही एस्कार म्हणतो. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मूल तक्रार करत नाही. काख, जांघ, कानामागे, केसांत, लघवीच्या जागेभोवती, जिथे कपडा किंवा दोरा घट्ट बसतो तिथे ती शोधावी लागते. सापडली तर निदान जवळजवळ पक्के होते. मात्र सर्वच रुग्णांत ती नसते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणजे आजार नाही असे समजू नये. तुम्हीही आज मुलाला अंघोळ घालताना या जागा नीट पाहा आणि काही आढळले तर डॉक्टरांना दाखवा.

मुलांमध्ये मात्रा वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे २.२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. त्या मुलीला १६ किलोला साधारण ३५ मिलिग्रॅम आले. दुकानात सहज मिळणारी गोळी १०० मिलिग्रॅमची असते, तिचे अंदाजाने तीन तुकडे करणे योग्य नाही. आम्ही गोळी बारीक कुटून २० मिलिलिटर पाण्यात पूर्ण ढवळून घेतली, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम झाले, आणि सिरिंजने ७ मिलिलिटर मोजून दिले. चव फार कडू असल्याने वर गुळाचे पाणी पाजले. हा हिशेब तुम्हाला तपासून पाहता यावा म्हणून दिला आहे. तुमच्या मुलाची मात्रा त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्या, कारण गोळीची ताकद आणि प्रकार वेगळा असू शकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा ताप उतरला, तिसऱ्या दिवशी तिने स्वतः भाकरी मागितली. औषध एकूण ७ दिवस चालले, कारण ताप गेल्यानंतरही किमान ३ दिवस ते चालू ठेवावे लागते.

ताप कसा उतरतो, यावरही निदान तपासून घेता येते. स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन पोटात गेल्यावर बहुतेक मुलांचा ताप ४८ तासांत उतरतो. ७२ तासांनंतरही तो तसाच राहिला, तर औषध उलटून पडते आहे का, मात्रा कमी पडते आहे का, की आजारच दुसरा आहे, याचा डॉक्टरांना नव्याने विचार करावा लागतो.

अॅझिथ्रोमायसिन हा पर्याय आहे का, असे पालक हमखास विचारतात. स्क्रब टायफस सौम्य असेल, मूल खातेपिते असेल, तर किलोमागे १० मिलिग्रॅम या हिशेबाने दिलेले अॅझिथ्रोमायसिनही चांगले काम करते, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते निवडले असते तरी मी त्याला चूक म्हटले नसते. पण परिस्थितीवर बरेच अवलंबून असते. गोचिडापासून होणारा, तळहात आणि तळपायांवर लाल-जांभळे पुरळ आणणारा जो दुसरा रिकेट्सिया ताप आपल्या राज्यात आढळतो, त्यात अॅझिथ्रोमायसिनवर तितका भरवसा ठेवता येत नाही. सुरुवातीला हे दोन ताप वेगळे ओळखणे कठीण असते. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालते, म्हणून आजार जड असेल किंवा खात्री नसेल तेव्हा मी तेच निवडतो. याउलट साधा घसा दुखणे, सर्दी-खोकला किंवा त्वचेच्या तक्रारीसाठी महिनोन्महिने चालणारा कोर्स, अशा कारणांसाठी ८ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन देऊ नये. तिथे दुसरी औषधे आहेत, आणि लांब मुदतीत दात सुरक्षित राहतात असा पुरावा आपल्याकडे नाही.

आता ऑफ्लॉक्सासिनकडे येतो. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही सगळी फ्लुरोक्विनोलोन गटातली. यांच्यावरील बंधनाचा उगम प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. वाढत्या वयाच्या पिल्लांना, विशेषतः बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना, ही औषधे दिली तेव्हा वजन पेलणाऱ्या सांध्यांच्या कूर्चेवर फोड आणि झिजलेले खड्डे आढळले. मानवी मुलांमध्ये तशी कायमची हानी दिसलेली नाही. मात्र सांधेदुखीच्या तक्रारी थोड्या वाढतात, हे खरे आहे. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलेल्या मुलांमध्ये ६ आठवड्यांत स्नायू-सांध्यांच्या तक्रारी ९.३ टक्के होत्या, तर दुसरे औषध मिळालेल्यांमध्ये ६ टक्के. बहुतेक तक्रारी सौम्य होत्या आणि आपोआप गेल्या. मोठ्या माणसांत या औषधांनी टाचेची शिर दुखावते किंवा तुटते, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ पासून ठळक चौकटीत छापायला लावला आहे. मुलांत ते फारच विरळ.

माझ्या मते आपल्याकडे या गटाला आवर घालण्याचे सांध्यांपेक्षाही मोठे कारण दुसरेच आहे. ही औषधे क्षयरोगाच्या जंतूवर अर्धवट काम करतात. घरात क्षयाचा रुग्ण आहे, मुलाला तीन आठवडे खोकला आहे, आणि त्याला आठवडाभर लेव्होफ्लॉक्सासिन दिले गेले, तर मूल तात्पुरते सुधारते, निदान लांबते आणि जंतूला त्या औषधाची सवय होऊ लागते. पुढे औषधांना दाद न देणारा क्षय निघाला तर उपचाराचा मुख्य आधारच डळमळतो. टायफॉइडमध्ये हे आधीच घडून गेले आहे. एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिन हे त्यावर हुकमी औषध होते; आज भारतातील टायफॉइडचे बहुतेक जंतू त्याला दाद देत नाहीत, म्हणून सेफ्ट्रियाक्सोन, सेफिक्झिम किंवा अॅझिथ्रोमायसिन द्यावे लागते.

आणि जुलाबात? लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर कोणतेच प्रतिजैविक चालत नाही. ओआरएस आणि १४ दिवस झिंक, हा त्यांचा उपचार. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली बाटली त्यावर दिली, तर जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात ते स्वतःच्या गतीने, पण श्रेय बाटलीला मिळते आणि पुढच्या वेळी तीच बाटली थेट दुकानातून येते. तुमच्या मुलाला मागच्या वर्षी ते सिरप दिले गेले, त्यामुळे त्याच्या सांध्यांना काही झाले असेल ही चिंता मात्र आता काढून टाका. तो खेळतो, पळतो, गुडघे-घोटे सुजत नाहीत, तर काहीही तपासण्याची गरज नाही.

तरीही काही प्रसंगी मी स्वतः हा गट निवडतो, आणि तेव्हा कचरत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात लेव्होफ्लॉक्सासिन किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम या मात्रेने लहान मुलांनाही महिनोन्महिने द्यावे लागते. त्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, आणि दर भेटीत सांधे, टाचा तपासून पाहिल्या जातात. अशा रुग्णाच्या सहवासातील मुलांना आजार होऊ नये म्हणून ६ महिने लेव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली केली आहे. जन्मतः मूत्रमार्गात दोष असलेल्या मुलाच्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्यूडोमोनास हा चिवट जंतू निघाला, तर तोंडाने घेता येईल असे औषध जवळजवळ याच गटात सापडते. नाहीतर मुलाला सलाइन लावून दहा दिवस दवाखान्यात ठेवावे लागते. रक्त पडणाऱ्या जुलाबात कल्चरने आधार दिला तर त्याचा विचार होतो. प्लेगमध्ये तर दोन्ही गट वयाची अट बाजूला ठेवून वापरले जातात. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावातील गाठीच्या प्लेगची धास्ती आपल्या भागातील जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. तशा आजारात दाताच्या रंगाचा विचार कोणी करू नये. कानात किंवा डोळ्यात घालायचे सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब या बंधनात येत नाहीत, कारण त्यांतले औषध रक्तात नगण्य उतरते.

आता तुमच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन देताना पाळायच्या गोष्टी. औषध थोडे खाल्ल्यानंतर द्या, वर भरपूर पाणी पाजा आणि अर्धा तास त्याला आडवे होऊ देऊ नका, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. लोह, कॅल्शियम किंवा झिंकचे सिरप चालू असेल तर त्यात आणि या औषधात किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर औषध पोटातच बांधले जाते आणि रक्तात पुरेसे पोहोचत नाही. औषध चालू असेपर्यंत त्याला भर उन्हात खेळू देऊ नका, त्वचा भाजल्यासारखी लाल होते. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा; वारंवार उलट्या होत असतील तर औषध शिरेतून द्यावे लागेल आणि त्यासाठी भरती व्हावे लागेल. श्वास जलद चालणे, मूल सुस्त पडणे किंवा असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, झटका येणे, नाका-हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर औषधाचा परिणाम दिसण्याची वाट न पाहता लगेच, रात्र असली तरी, बालरोग अतिदक्षता विभाग असलेल्या दवाखान्यात घेऊन जा. दोन-तीन दिवसांनी स्क्रब टायफसचा अहवाल निगेटिव्ह आला आणि तोवर ताप उतरलेला असला, तर औषध आपल्या मनाने बंद करू नका; चाचणी फार लवकर झाली असण्याची शक्यता असते, आणि कोर्स पूर्ण करायचा की नाही हे मूल पाहून डॉक्टरच ठरवतील.